समांतर जोडणीतला शेजारी खरंच स्वतंत्र असतो का?

समांतर जोडणीतल्या एका शाखेत काहीही बदललं तरी दुसऱ्या शाखेला फरक पडत नाही, हे वाक्य विद्युतधारेच्या धड्यात बहुतेक मुलं पाठ करतात. वाक्य चुकीचं नाही, पण त्याला एक अट आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. एकसर आणि समांतर जोडण्या एकत्र असलेल्या परिपथाची गणितं अवघड वाटतात, ती बरीचशी याच अटीमुळे.

12 व्होल्टची बॅटरी घेऊ. तिच्याशी आधी 4 ओहमचा रोध एकसर जोडलेला आहे. त्याच्यापुढे वाट दुभंगते: एका शाखेत 6 ओहम, दुसरीत 12 ओहम. मग दोन्ही शाखा एकत्र येऊन बॅटरीकडे परततात.

सुरुवात नेहमी आतल्या जोडीपासून करायची. 1/6 + 1/12 म्हणजे 3/12, म्हणजेच 1/4. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि परिणामी रोध 0.25 ओहम लिहून मोकळे होतात. हे उत्तर उलटं करायचं राहिलं आहे. खरा रोध 4 ओहम. असली चूक नुसत्या नजरेनेही पकडता येते. दोन रोध समांतर असले की परिणामी रोध लहान रोधापेक्षा कमी, पण त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतो. दोन्ही रोध सारखे असतील तर तो बरोबर निम्मा येतो. इथे उत्तर 3 आणि 6 यांच्या मधेच पडायला हवं. 0.25 त्यात बसत नाही.

आता सगळा परिपथ 4 अधिक 4, म्हणजे 8 ओहमचा झाला. 12 व्होल्टला 8 ने भागलं की एकूण धारा 1.5 अँपिअर. पहिल्या रोधातच 6 व्होल्ट खर्च होतात, आणि दोन्ही शाखांच्या टोकांना 6 व्होल्टच उरतात. इथे 12 व्होल्ट धरणं ही दुसरी ठरलेली चूक. सहा ओहमच्या शाखेतून 1 अँपिअर आणि बारा ओहमच्या शाखेतून अर्धा अँपिअर जातो, बेरीज 1.5, हिशेब जुळला.

खरी गंमत किंमत बदलल्यावर दिसते. 12 ओहमचा रोध काढून तिथे 3 ओहमचा लावू. 6 ओहमच्या शाखेला हातही लावलेला नाही, तरी तिची धारा 1 अँपिअरच राहील का? समांतर जोडीचा परिणामी रोध आता 2 ओहम, एकूण रोध 6 ओहम, एकूण धारा 2 अँपिअर. पहिला 4 ओहमचा रोध 8 व्होल्ट खातो, शाखांना उरतात 4. त्यामुळे 6 ओहममधून जेमतेम 0.67 अँपिअर वाहते. उलट दुसरी शाखा तोडूनच टाकली, तर एकूण रोध 10 ओहम, धारा 1.2 अँपिअर, आणि 6 ओहमच्या टोकांना तब्बल 7.2 व्होल्ट मिळतात.

म्हणजे शाखा स्वतंत्र राहतात त्या टोकांमधलं विभवांतर स्थिर असेल तरच. दोन्ही शाखा थेट बॅटरीला जोडल्या आणि बॅटरीचा अंतर्गत रोध नगण्य असला, तर ही अट पाळली जाते. वाटेत सामाईक रोध आला की एका शाखेने जास्त धारा ओढताच तो जास्त व्होल्ट खातो आणि शेजारणीचा वाटा घटतो. पाण्याचा पंप चालू होताना घरातला दिवा क्षणभर मंदावतो, तो यामुळेच. दिवा आणि पंप समांतर असले तरी खांबापासून घरापर्यंतची तार दोघांची सामाईक असते. समजा तिचा रोध 1 ओहम आहे आणि सुरू होताना पंपाने 20 अँपिअर ओढले, तर 20 व्होल्ट तारेतच जातात.

हे करून पाहायचं असेल तर ओहमच्या जागी किलोओहम घ्या. वरच्या पहिल्या गणितात 4 ओहमच्या रोधात 9 वॅट उष्णता निर्माण होते. बाजारात सर्रास मिळणारे छोटे रोध पाव वॅटचे असतात, ते जळतील. किलोओहममध्ये तीच शक्ती 9 मिलिवॅट होते. खरेदीही सोपी आहे: 12 किलोओहमचे सहा रोध पुरतात (तपकिरी, लाल, नारिंगी पट्टे). तीन समांतर जोडले की 4 किलोओहम, दोन जोडले की 6, आणि एक सुटा. दिव्याचे बल्ब मात्र नकोत. तार तापली की तिचा रोध कित्येक पटींनी वाढतो आणि गणित जुळत नाही.

सोनेरी पट्ट्याचे रोध पाच टक्के इकडेतिकडे असू शकतात, म्हणून 6 ऐवजी 5.9 किंवा 6.1 व्होल्ट दिसले तर बिघडलं काहीच नाही. पण मल्टिमीटर चुकून अँपिअरवर ठेवून शाखांच्या दोन टोकांना टेकवला, तर तो जवळजवळ शून्य रोधाची तिसरी शाखा बनतो. मग सगळे 12 व्होल्ट एकट्या पहिल्या रोधावर येतात, आणि मीटर 3 मिलिअँपिअर दाखवतो, जो आकडा कुठल्याच शाखेचा नसतो.