कार्ब लोडिंग वेगळं, आदल्या रात्रीचं भरपेट जेवण वेगळं

मुंबई मॅरेथॉन रविवारी पहाटे सुटते. शनिवारी रात्री अनेक धावपटूंच्या ताटात बटर नान, पनीर मखनी आणि चीजने माखलेला पास्ता असतो, आणि यालाच ते कार्ब लोडिंग म्हणतात. खरं तर त्या ताटातल्या बऱ्याच कॅलरी बटर-चीजच्या असतात. धावताना लागणारं स्नायूंमधलं साठवलेलं इंधन, म्हणजे ग्लायकोजेन, कर्बोदकांपासून बनतं आणि एका रात्रीत त्याचा साठा पूर्ण भरत नाही. उरलेलं जड अन्न मात्र पहाटे पोटातच असतं.

खऱ्या लोडिंगला गुरुवारपासून सुरुवात करायची. ६० किलोच्या धावपटूने गुरुवारी वजनाच्या दर किलोमागे साधारण ७ ग्रॅम, म्हणजे ४२० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. शुक्रवारी आणि शनिवारी ९ ते १० ग्रॅम, म्हणजे ५४० ते ६०० ग्रॅम. हे सगळं नेहमीच्या जेवणावर चढवायचं नाही. तेल, तूप, शेंगदाणे, मांस कमी करून ती जागा भाताला द्यायची. धावणंही या दिवसांत अगदी थोडं, नाहीतर भरलेलं तिथेच खर्च होतं.

शुक्रवारचा दिवस असा जातो, कंसातले आकडे कर्बोदकांचे: सकाळी १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे कमी तेलातले पोहे आणि केळं (१०० ग्रॅम), मधल्या वेळी जॅम लावलेले चार पांढरे ब्रेड (८५), दुपारी १३० ग्रॅम तांदळाचा भात आणि पातळ वरण (११०), संध्याकाळी दोन केळी, उकडलेले बटाटे आणि लिंबू सरबत (१३०), रात्री तेवढाच भात (१००). बेरीज ५२५ होते. राहिलेलं मुरमुरे आणि सरबतातून सहज भरून निघतं. साखर एरवी टाळणाऱ्यांना हे खटकेल, पण नुसत्या भाताने ६०० ग्रॅम गाठणं फार कठीण. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

आता पोटाचं. ज्वारीची भाकरी, मोड आलेली उसळ, कोशिंबीर एरवी उत्तम, पण शुक्रवार-शनिवारी त्यांना सुट्टी. चोथा आतड्यात राहतो, गॅस होतो आणि तीस किलोमीटरनंतर शौचालय शोधावं लागतं. दूध पचत नसेल तर तेही नको. शनिवारी मोठं जेवण दुपारी उरकून रात्री सातच्या आत हलका भात घ्यावा. पहाटे सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी दोन केळी किंवा जॅम-ब्रेड पुरे.

लोडिंग नीट झालंय की नुसतं जास्त खाल्लंय, हे कसं ओळखायचं? ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, म्हणून रविवारपर्यंत वजन किलो-दीड किलोने वाढतं, पाय थोडे भरल्यासारखे वाटतात, पोट मात्र हलकं असतं. याउलट आंबट ढेकर, छातीत जळजळ आणि झोपमोड झाली तर ते अतिखाणं. बरेच जण वजनकाटा पाहून घाबरतात आणि शनिवारी भात कमी करतात. तसं करू नका, तेच पाणी धावताना कामी येतं.

दहा किलोमीटरच्या शर्यतीला यातलं काहीच लागत नाही. पूर्ण मॅरेथॉनसाठी मात्र हा आहार एखाद्या लांब सरावाच्या धावेआधी दोन दिवस करून पाहावा. भात-केळी पचतात की जॅमने मळमळतं, हे तेव्हाच कळतं.