पार्श्वभूमी काढायची, पण कडेवरच्या पिक्सेलचं काय?

व्हिडिओतल्या माणसामागचं दृश्य काढून टाकायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल माणसाचा आहे की मागच्या भिंतीचा हे ठरवायचं. बहुतेक पिक्सेलचं उत्तर चटकन मिळतं. काम अडतं ते कडेवरच्या पिक्सेलपाशी, कारण तिथला एकेक पिक्सेल थोडा माणसाचा आणि थोडा भिंतीचा असतो. केसांची बट पिक्सेलपेक्षा बारीक असते, आणि हात वेगाने फिरला की कॅमेऱ्याचं शटर उघडं असेपर्यंत तो बराच पुढे सरकलेला असतो. पार्श्वभूमी काढलेला व्हिडिओ कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो, तो बहुतेक वेळा या कडेमुळेच.

एक क्लिप डोळ्यांसमोर ठेवू. शाळेच्या मैदानावर एक मुलगी लेझीम खेळते आहे. चित्रीकरण फोनवर केलंय, १९२० बाय १०८० पिक्सेलमध्ये, सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने. क्लिप सहा सेकंदांची, म्हणजे १५० फ्रेमची. मागे उन्हाने उजळलेली पांढरी भिंत आहे, ती काढून तिच्या जागी रात्रीच्या रोषणाईचं दृश्य लावायचं आहे. हातात केडेनलाइव्ह हा मोफत एडिटर आहे. लेझीम मी मुद्दाम घेतली. तिचा दांडा आणि साखळी यांच्यामधून मागची भिंत दिसते, साखळीतल्या चकत्या सतत हलतात आणि हात दर ठेक्याला दिशा बदलतो. पार्श्वभूमी काढताना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका खेळात सापडतात.

यातली जुनी वाट रोटोस्कोपिंगची. अ‍ॅनिमेटर मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ मध्ये त्यासाठीच्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ मध्ये त्यांना ते मिळालं. चित्रित केलेली फिल्म एकेक फ्रेम करून काचेवर पाडायची आणि माणसाची आकृती कागदावर गिरवून घ्यायची, अशी ती पद्धत होती. आज कागदाच्या जागी वक्ररेषा आली. केडेनलाइव्हमध्ये मुलीची क्लिप वरच्या ट्रॅकवर आणि नवं दृश्य खालच्या ट्रॅकवर ठेवायचं, वरच्या क्लिपला `Rotoscoping` हा इफेक्ट लावायचा आणि मॉनिटरवर आकृतीभोवती एकेक बिंदू ठेवत जायचं. शेवटी राइट क्लिक केलं की आकार बंद होतो. `Mode` मध्ये `Alpha` निवडलं की आकाराबाहेरचा भाग पारदर्शक होतो आणि खालचं दृश्य दिसू लागतं.

१५० फ्रेम एकेक करून गिरवायच्या नसतात. काही निवडक फ्रेमवर आकार नीट बसवायचा, त्यांना कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये बिंदू कुठे असतील ते एडिटर स्वतः काढतो. मात्र तो प्रत्येक बिंदू एका जागेवरून दुसऱ्या जागेपर्यंत सरळ रेषेत नेतो, आणि माणसाचा हात सरळ रेषेत जात नाही. तो खांद्याभोवती वर्तुळाच्या कंसात फिरतो. म्हणून हात कंसावरून जातो तेव्हा मास्कचा, म्हणजे आपण काढलेल्या आकाराचा, बिंदू त्या कंसाच्या जीवेवरून जातो.

हा फरक किती पडतो ते मोजता येतं. खांद्यापासून बोटांपर्यंत हात ३०० पिक्सेल लांब आहे आणि दोन कीफ्रेमच्या दरम्यान तो ६० अंशांत फिरला असं धरू. बरोबर मध्यावर मास्कचं टोक खांद्यापासून ३०० गुणिले कोसाइन ३०, म्हणजे साधारण २६० पिक्सेलवर असतं. खरी बोटं ३०० वर असतात. चाळीस पिक्सेलची बोटं कापली गेली! मध्ये आणखी एक कीफ्रेम टाकली की प्रत्येक तुकडा ३० अंशांचा होतो आणि चूक दहा पिक्सेलवर येते. पुन्हा निम्मे केले की अडीचच्या आसपास. अंतर निम्मं केलं की चूक चौथाईवर येते. म्हणून आधी हात जिथे दिशा बदलतो त्या फ्रेमवर कीफ्रेम घ्याव्यात, मग त्यांच्या मध्यावर, आणि चूक दिसत असेल तिथेच पुन्हा मध्यावर. पहिल्या फ्रेमपासून दर पाचव्या फ्रेमला कीफ्रेम घेत सुटलं तर कष्ट जास्त पडतात, आणि हात नेमका वळतो ती फ्रेम निसटते ती निसटतेच.

सगळ्या आकृतीभोवती एकच मोठी रेषा काढण्याचा मोह टाळायला हवा. डोकं, धड, दोन हात आणि लेझीम यांचे आकार वेगळे ठेवले तर धडाला मोजक्या कीफ्रेम पुरतात आणि हाताला हव्या तितक्या देता येतात. केडेनलाइव्हमध्ये त्यासाठी `Rotoscoping` इफेक्ट एकावर एक लावतात. पहिल्याचं `Alpha Operation` हे `Write on clear` ठेवायचं, पुढच्यांचं `Maximum`, म्हणजे सगळे आकार एकत्र धरले जातात. दांडा आणि साखळी यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा आकार सगळ्यांत शेवटी, `Subtract` लावून, म्हणजे तेवढं छिद्र पडतं. बिंदू कमीत कमी असावेत, आणि कोपराचा बिंदू प्रत्येक कीफ्रेमवर कोपरावरच राहावा. तो कधी कोपरावर, कधी दंडावर असा घसरत राहिला तर प्रत्येक स्थिर फ्रेम बरोबर वाटते, पण क्लिप चालू केली की कड थरथरते.

दुसरी वाट स्वयंचलित. केडेनलाइव्हच्या २५.०४ या आवृत्तीत मेटा कंपनीच्या एसएएम २ या मॉडेलवर चालणारी सोय आली. सेटिंग्जमधल्या प्लगइनच्या पानावरून ती एकदा बसवून घ्यावी लागते. त्यानंतर क्लिपचा हवा तेवढा भाग निवडायचा, पहिल्या फ्रेमवर मुलीच्या अंगावर एकदोन ठिकाणी क्लिक करायचं, नको असलेला भाग आत आला तर तिथे वगळण्याचा बिंदू द्यायचा आणि मास्क तयार करायला सांगायचं. हे मॉडेल आधीच्या फ्रेममधल्या आकृतीची आठवण जपून पुढच्या फ्रेममध्ये तिला शोधतं, म्हणून मुलगी वळली किंवा क्षणभर कोणाच्या आड गेली तरी ती बहुधा पुन्हा सापडते. धडासाठी आणि साडीसाठी मी हीच वाट घेईन. ते काम हाताने करण्यात वेळ घालवायचं कारण उरलेलं नाही.

पण लेझीमपाशी हे मॉडेल अडखळतं, आणि त्याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. ते प्रत्येक फ्रेम १०२४ बाय १०२४ च्या चौकोनात बसवतं आणि मास्क मुळात २५६ बाय २५६ च्या जाळीवर काढतं. मग तो ताणून पूर्ण आकाराचा केला जातो. आपल्या १९२० पिक्सेल रुंदीवर त्या जाळीचं एक घर साडेसात पिक्सेलचं पडतं. चारपाच पिक्सेल जाडीची साखळी त्यात टिकणं अवघडच. एका फ्रेममध्ये ती दिसते, पुढच्या फ्रेममध्ये गायब होते, आणि दांड्यामागची मोकळी जागा कधी भरून येते तर कधी उघडते. म्हणून अंग स्वयंचलित मास्कने काढावं आणि त्यावर साखळी `Maximum` ने, मोकळी जागा `Subtract` ने, हाताने जोडावी. मला हा मिश्र मार्ग सगळ्यांत भरवशाचा वाटतो.

आता पुन्हा कडेकडे. हे मॉडेल मुख्यतः आत की बाहेर एवढंच ठरवतं. कडेवरच्या पिक्सेलला मात्र प्रमाण लागतं, म्हणजे त्यात किती हिस्सा माणसाचा आहे. या प्रमाणाला अल्फा म्हणतात आणि त्याचं सूत्र छोटंसं आहे:

```
C = αF + (1 − α)B
```

C हा कॅमेऱ्याने टिपलेला रंग, F माणसाचा खरा रंग, B मागच्या भिंतीचा. हे सूत्र लाल, हिरवा आणि निळा अशा तिन्ही रंगांना लागू होतं, म्हणजे समीकरणं तीन. अज्ञात मात्र सात: F चे तीन, B चे तीन आणि एक अल्फा. तीन समीकरणांतून सात अज्ञातं निघत नाहीत. अल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन या संगणकीय चित्रांच्या अभ्यासकांनी १९९६ मध्ये हा पेच गणिताने मांडला. हिरव्या पडद्यासमोर चित्रीकरण करतात ते यासाठीच, कारण तिथे B आधीच माहीत असतो. शाळेच्या मैदानावर तो माहीत नसतो, म्हणून कुठलंही साधन अखेर अंदाजच बांधतं.

याचा परिणाम एका पिक्सेलवर बघू. शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. केसाचा रंग ३०, भिंतीचा २३०, आणि पिक्सेल दोघांचा निम्मा निम्मा. कॅमेऱ्याला दिसतात १३०. आपलं रात्रीचं नवं दृश्य २० इतकं गडद आहे, तेव्हा तिथे निम्मा केस आणि निम्मी रात्र मिळून २५ दिसायला हवेत. मास्कने तो पिक्सेल पूर्ण आत घेतला तर तिथे १३० तसाच राहतो, आणि केसांभोवती पांढुरकी रेघ चमकते. मग आपण `Feather` वाढवून कड मऊ करतो आणि अल्फा बरोबर निम्मा होतो. तरीही उत्तर १३० चं निम्मं अधिक २० चं निम्मं, म्हणजे ७५ येतं. अजून तिप्पट उजळच! कारण अल्फा सुधारला तरी पिक्सेलच्या रंगात मिसळलेली भिंत निघालेली नाही.

म्हणूनच कड नुसती मऊ करून भागत नाही. मास्क आधी एकदोन पिक्सेल आत ओढावा, म्हणजे भिंत मिसळलेला पट्टा बाहेर जातो, आणि मग दोनतीन पिक्सेल मऊ करावा. बारीक बटा त्यात थोड्या जातात, पण पांढऱ्या रेघेपेक्षा ते पुष्कळ बरं. याहून मोठा उपाय आधीच करता येतो: नवं दृश्य जितकं उजळ असेल, साधारण तितक्याच उजळ पार्श्वभूमीसमोर चित्रीकरण करायचं. रात्रीचं दृश्य लावायचं असेल तर पांढरी भिंत सोडून गडद झाडी शोधावी. मिसळलेला रंग राहिला तरी तो नव्या दृश्यात खपून जातो.

फिरत्या हाताला मात्र दोन पिक्सेलची मऊ कड पुरत नाही. हात एका सेकंदात पूर्ण फ्रेम ओलांडेल इतक्या वेगाने गेला आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरतं उघडं असलं, तर १९२० भागिले ५०, म्हणजे ३८ पिक्सेल रुंदीचा धूसर पट्टा उमटतो. संध्याकाळी प्रकाश कमी असला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि पट्टा आणखी रुंदावतो. इथे हाताचा वेगळा आकार पुन्हा कामी येतो, कारण त्यालाच जास्त `Feather` देता येतो आणि चेहऱ्याची कड रेखीव राहते. तरी हा मऊपणा आकाराच्या सगळ्या बाजूंना सारखा पडतो, आणि खरी धूसरता फक्त हाताच्या दिशेने असते. जवळून पाहिलं तर हा फरक दिसतो. उन्हात, शटरचा वेळ कमी ठेवून चित्रीकरण केलं तर पट्टाच बारीक पडतो.

मास्क तपासायचा तर त्याखाली अंतिम दृश्य ठेवू नये, त्याच्या गर्दीत दोष लपतात. `Add Color Clip` मधून भडक गुलाबी रंगाची क्लिप बनवून खाली ठेवावी. राहिलेला भिंतीचा पट्टा, अंगावर चुकून पडलेलं छिद्र, बुजलेली मोकळी जागा हे सगळं त्यावर लगेच उठून दिसतं. तपासणी दोनदा करावी: एकदा फ्रेम थांबवून, आणि एकदा पूर्ण वेगाने, कारण कडेची थरथर थांबलेल्या फ्रेममध्ये कधीच दिसत नाही.

हे सगळं जमल्यावर क्लिप पारदर्शक पार्श्वभूमीसह दुसरीकडे वापरायची असेल, तर नेहमीच्या एच.२६४ एमपी४ मध्ये ती साठवू नये. त्यात अल्फासाठी जागाच नसते, आणि पारदर्शक भाग बहुधा काळा होऊन बसतो. रेंडरच्या खिडकीत अल्फासह व्हिडिओचा वेगळा गट आहे, त्यातला पर्याय घ्यावा. तयार झालेली फाइल नव्या प्रोजेक्टमध्ये त्याच गुलाबी क्लिपवर ठेवली की लेझीमच्या साखळीमागे गुलाबी दिसतं की काळं, यावरून अल्फा टिकला की नाही ते कळतं.