लेबर रूममधली तीन घड्याळं

बाळंतपण चालू असताना कोणी निवांत बसून लिहीत नाही. सिस्टर एका हातानं पोटावर कळा मोजत असते, दुसरीकडे शेजारच्या खाटेवरची बाई हाका मारत असते, आणि नोंद होते ती सवड मिळेल तेव्हा. म्हणूनच एखाद्या प्रसूतीत नेमकं काय झालं हे नंतर बघायचं तर आधी त्या सगळ्या नोंदी एका काळरेषेवर उतरवाव्या लागतात. कळा, पिशवीचं तोंड किती उघडलं, बाळाचे ठोके आणि केलेले उपचार अशा चार ओळी, सगळ्यांना एकच घड्याळ. खरी मेहनत आहे ती त्या 'एकच घड्याळ' या दोन शब्दांत.

उत्तर गोव्यातल्या एका लहान हॉस्पिटलातली केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण घोळ अस्सल आहे. सत्तरी तालुक्यातली पहिलटकरीण, पावसाळ्याची रात्र. कागद पाच प्रकारचे होते: सिस्टरच्या नोंदी, डॉक्टरांच्या नोंदी, औषधांचा तक्ता, कळा आणि बाळाचे ठोके कागदावर छापणाऱ्या सीटीजी मशीनची पट्टी आणि बाळंतपणाचं रजिस्टर.

सुरुवातीचा भाग सरळ होता. रात्री २:३० ला तोंड ५ सेंमी, दहा मिनिटांत ३ कळा. सकाळी ६:३० ला ६ सेंमी, कळा तेवढ्याच पण जेमतेम २५ सेकंद टिकणाऱ्या. पाणमोट फोडली, पाणी स्वच्छ. तासाला एक सेंमी उघडलंच पाहिजे या जुन्या हिशेबानं ही बाई 'मागे' पडली असती, पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये तो हिशेब बाजूला ठेवला. २०२० च्या त्यांच्या तक्त्यात ५ सेंमीवर सहा तास काहीच हललं नाही तर धोक्याची खूण करतात. इथे चार तासांत एक सेंमी हललं होतं.

सातला कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाईन सुरू झालं: '८ थेंब'. साडेसातला १६, साडेआठला २४. नुसत्या थेंबांवरून डोस कळत नाही. बाटलीत किती युनिट टाकली ते औषधांच्या तक्त्यात सापडलं: ५०० मिलिलिटरमध्ये ५. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर मिनिटाला ८ थेंब म्हणजे मिनिटाला ४ मिलियुनिट आणि २४ थेंब म्हणजे १२. बाटलीत १० युनिट असती तर त्याच थेंबांचा डोस दुप्पट झाला असता. म्हणून काळरेषेवर मी थेंब आणि मिलियुनिट दोन्ही लिहिते.

मग मशीनची पट्टी उघडली आणि माझं डोकं तापलं. पट्टीवर छापलेल्या वेळेनुसार ८:२४ पासून कळा दाट झालेल्या, दहा मिनिटांत ६. पाचच्या वर गेल्या की गर्भाशयाला सैल पडायला उसंत उरत नाही. कळ येते तेव्हा वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दोन कळांमधल्या फटीत बाळाचा रक्तपुरवठा भरून निघतो. ती फट आखडली की बाळ थकतं. पट्टीवर ८:३६ ला ठोके १४० वरून ९० पर्यंत उतरलेले दिसत होते. सिस्टरच्या नोंदींप्रमाणे मात्र सलाईन वाढवलं ८:३० ला आणि बंद केलं ८:५३ ला. म्हणजे कळा आधीच दाट झालेल्या असताना डोस वाढवला आणि ठोके उतरल्यावर सतरा मिनिटं तो चालू ठेवला? कच्च्या मसुद्यात मी तसं लिहूनही टाकलं होतं.

सिस्टरला विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, ते मशीन मागं चालतं. लाईट गेली की त्याचं घड्याळ बिघडतं. आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे."

सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कागदाला ठाऊक नव्हतं. पण नुसत्या बोलण्यावर घड्याळ सरकवता येत नाही. दोन्हीकडे नोंदलेली एकच घटना सापडावी लागते. तिच्या वहीत 'मशीन लावलं ८:२६' होतं आणि पट्टीची सुरुवात ८:१२ ला. फरक १४ मिनिटं. एका खुणेवर मी विसंबत नाही, कारण वहीतली वेळही अंदाजे असू शकते. दुसरी खूण पट्टीवरच मिळाली. ठोके उतरल्यानंतर पेनानं लिहिलं होतं, 'डाव्या कुशीवर, सलाईन बंद, ८:५३', आणि त्या जागी छापील वेळ ८:३९ होती. पुन्हा १४. मग पट्टी टेबलावर पसरून फूटपट्टी लावली. कागद मिनिटाला १ सेंमी पुढं सरकतो. सुरुवातीपासून ठोके उतरले तिथपर्यंत २४ सेंमी, म्हणजे २४ मिनिटं. कागदाचा वेगही ठीक होता.

आता भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे:

८:२६ – मशीन लावलं, ठोके १४० (वही, पट्टी)
८:३० – सलाईन १६ वरून २४ थेंब, मिनिटाला १२ मिलियुनिट (औषध तक्ता)
८:३८ ते ८:४८ – दहा मिनिटांत ६ कळा (पट्टी, १४ मिनिटं मिळवून)
८:५० – ठोके ९० (पट्टी, तसंच)
८:५३ – सलाईन बंद, डाव्या कुशीवर, आईची नाडी १०४, डॉक्टरांना फोन (वही)
८:५८ – ठोके १३० (पट्टी, तसंच)

सगळा क्रमच उलटला. कळा दाट झाल्या त्या डोस वाढवल्यानंतर, आणि ठोके उतरल्यावर तीन मिनिटांत सलाईन बंद झालं. आईच्या नाडीची नोंदही मोलाची, कारण कधीकधी मशीन आईचेच ठोके पकडतं. इथे ९० आणि १०४ वेगळे होते, तेव्हा ते ठोके बाळाचेच असणार.

पुढचा भाग असा नीट जुळत नाही. डॉक्टरांची नोंद १०:१५ ची आहे: 'तोंड पूर्ण उघडलं, ठोके पुन्हा उतरले, व्हॅक्यूम लावून बाळ काढलं.' पण रजिस्टरप्रमाणे बाळ ९:२६ ला जन्मलं आणि लगेच रडलं. म्हणजे १०:१५ ही लिहिण्याची वेळ, घडण्याची नव्हे. वहीत डॉक्टर आल्याची वेळ ९:०२ आहे, तेव्हा ती तपासणी ९:०२ ते ९:२६ च्या मध्ये कधीतरी झाली. काळरेषेवर तिथे ठिपका न देता एक पट्टा आखते. सकाळच्या ६ सेंमीपासून त्या पट्ट्यापर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह होतो, पण तशी रेघ ओढली की साडेसातला तोंड किती उघडलं होतं हे कोणीही न तपासता 'कळतं'. तोंड पूर्ण नेमकं कधी उघडलं ते माहीत नसल्यानं दुसरा टप्पा, म्हणजे तिथून बाळ जन्मेपर्यंतचा, किती मिनिटं चालला हेही सांगता येत नाही.

आणखी एक जागा. साडेसातला ठोके १४०, त्यानंतर थेट ८:२६ ची नोंद. या टप्प्यात ठोके दर अर्ध्या तासानं बघायचे असतात, त्यातून सलाईन चालू. मध्ये एक नोंद हवी होती. सिस्टर म्हणाली, "आठला बघितले होते, बरे होते. शेजारच्या खाटेवर बाळ येत होतं, लिहायचं राहिलं." मला ते खरं वाटतं. तरी आठच्या चौकोनात मी आकडा घातला नाही. तो रिकामा ठेवला आणि खाली दुसऱ्या शाईनं लिहिलं: 'तोंडी माहिती, नंतर विचारल्यावर.'