एका युनिटात तीन युनिटांची ऊब कुठून येते?

लातूरला आमच्या गल्लीत एक दुमजली घर आहे. खाली पाच जणांचं कुटुंब, वर क्लाससाठी आलेली सात मुलं. घरमालक परवा हीट पंपाचं माहितीपत्रक घेऊन आले. "सर, एक युनिट खाऊन तीन युनिटांचं पाणी तापवतंय म्हणं. असं कुठं असतंय का?" त्यांची शंका रास्त होती. बाजारातून प्लगमध्ये खोचायची 'वीजबचत' डबी आणून ते एकदा फसलेले आहेत.

ती डबी निव्वळ थाप होती, हा आकडा मात्र खरा आहे. गीझरची कॉइल विजेचीच उष्णता करते, म्हणून एका युनिटाला एकच युनिट. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलतो आणि टाकीत आणून टाकतो. वीज लागते ती हमालीची.

पण 28 अंशांची हवा 50 अंशांच्या पाण्याला उष्णता देईलच कशी? याचं उत्तर आपल्या कुकरमध्ये आहे. दाब वाढला की कुकरातलं पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे द्रव किती अंशांना उकळणार, हे दाबावर ठरतं. हीट पंपाच्या नळ्यांत बऱ्याचदा आर-134ए नावाचा द्रव असतो. उघड्यावर तो उणे 26 अंशांनाच उकळतो. हवेच्या चौपट दाबाखाली ठेवला तर साधारण 10 अंशांना. अशा द्रवासाठी 28 अंशांची हवा म्हणजे चुलीचा जाळच! पंखा ती हवा नळ्यांवरून ओढतो, द्रव उकळतो आणि त्याची वाफ होताना भरपूर उष्णता पिऊन घेतो. चहाचं आधण पटकन येतं, पण ते आटायला किती वेळ लागतो, आठवून पाहा.

आता कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो, हवेच्या पंधरापट दाबापर्यंत. या दाबाला तिचा उकळबिंदू 55 अंशांवर जातो. म्हणजे 50 अंशांच्या टाकीला वेढलेल्या नळीत आली की तिला द्रव होणं भाग पडतं, आणि प्यायलेली उष्णता ती पाण्याला देऊन टाकते. पुढे एका अरुंद झडपेतून जाताना दाब घसरतो, द्रव गार होतो आणि पुन्हा हवेकडे निघतो. तुमचा फ्रीज हेच करतो. त्याची पाठ उगाच गरम नसते.

हवा आणि पाणी यांच्या तापमानात अंतर जितकं कमी, तितकी हमाली कमी. मालकांना टायमर पहाटे चारचा लावायचा होता, बंब पेटवायच्या सवयीने. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे 12 अंश असतात आणि दुपारी 28. म्हणून टायमर दुपारी एकचा हवा. टाकीला फोमचं जाड अस्तर असतं, सकाळपर्यंत पाणी थोडंच निवतं.

आता त्यांच्या घराचा हिशेब. बारा माणसं, प्रत्येकी 40 अंशांचं 25 लिटर पाणी, म्हणजे 300 लिटर. टाकीतलं 50 अंशांचं 200 लिटर आणि नळाचं 20 अंशांचं 100 लिटर मिसळलं की हे होतं. त्यासाठी सुमारे 7 युनिट उष्णता लागते. हीट पंपाला त्याची 2.3 युनिट वीज पुरते, आणि टाकी निवण्याची भरपाई धरून पावणेतीनच्या आसपास. रोज सव्वाचार युनिट वाचली. युनिट 10 रुपये धरलं आणि मुलं सुट्टीला गेलेले महिने सोडून 270 दिवस मोजले, तर वर्षाला साडेअकरा हजार. यंत्र गीझरपेक्षा 80 हजारांनी महाग पडलं तर पैसे सात वर्षांत फिटतात.

हेच यंत्र नवरा-बायको दोघांच्या घरात? वापर सहावा हिस्सा, आणि टाकी निवायची मात्र तेवढीच. वाचलेल्यातलं बरंचसं तिथेच जातं, त्यांना छोटा गीझर बरा. कधीमधी पाहुणे येणाऱ्या घरालाही तेच. स्वतःचं मोकळं छत असेल तर आपल्या उन्हात आधी सोलरचा विचार करावा. यांच्या छतावर मात्र टाक्या, डिश आणि मुलांचे कपडे आहेत.

'आत्ता लावलं, दहा मिनिटांत पाणी' असंही होत नाही. 600 वॅट खाणारा पंप ही टाकी तापवायला चार तास घेतो. तो बंद न्हाणीघरात बसवू नये. स्वतःच सोडलेली गार हवा परत ओढत बसेल. खालून पाणी ठिबकतं ते हवेतल्या दमटपणाचं, गळती नव्हे.

बोअरच्या क्षाराचं काय? गीझरच्या तापलेल्या कॉइलवर जसा पांढरा थर बसतो तसा इथे कमी बसतो, कारण नळी पाण्यापेक्षा थोडीच गरम असते. पण टाकीतली मॅग्नेशियमची कांडी क्षाराच्या पाण्यात लवकर झिजते. टाकी गंजण्याआधी ही कांडीच गंजावी म्हणून ती बसवलेली असते, तेव्हा ती दरवर्षी उघडून पाहावी लागते.

मालकांना मी वेगळं सबमीटर लावायला सांगितलंय. बहुतेक हीट पंपांत अडीअडचणीला साधी कॉइलही असते. हवेच्या नळ्यांवर धूळ बसली किंवा वायू गळाला की ती गुपचूप चालू होते. पाणी गरमच येतं, म्हणून कुणाला कळत नाही. मीटरवर 600 वॅटच्या जागी 2,000 दिसले की आधी ब्रश घेऊन धूळ झाडायची. तरीही आकडा उतरला नाही तर मेकॅनिकला बोलवायचं.