क्यूआरवर 18,640 आले, बँकेत 17,872.88च का पडले?

आमच्याकडे हिशेब देणाऱ्या दुकानदार ग्राहकांसाठी

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमचा फोन एकाच प्रश्नाने वाजत असतो. "अ‍ॅपमध्ये एवढे दिसतायत, बँकेत तेवढे नाहीत. पैसे गेले कुठे?" बहुतेक वेळा पैसे कुठेही गेलेले नसतात. पण त्याआधी दुकानात कुणीतरी बँकेत पडलेली रक्कमच "आजची क्यूआर विक्री" म्हणून रोजमेळात लिहून टाकलेली असते, आणि ती निस्तरण्यात आमचे दोन-दोन दिवस जातात. म्हणून हे पत्रक.

ज्यांच्या क्यूआरचं प्रत्येक पेमेंट तिथल्या तिथे वेगळं खात्यात पडतं, त्यांना हे लागू नाही. दिवसभराची रक्कम एकगठ्ठा, म्हणजे सेटलमेंट होऊन जमा होते, त्यांच्यासाठी आहे.

एक उदाहरण घेऊ. इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. सोमवारी अ‍ॅपमध्ये 18,640 रुपये दिसले. मंगळवारी बँकेत 17,872.88 जमा झाले. फरक 767.12 रुपयांचा. दुकानदार म्हणतो, "कंपनीने पावणेआठशे कापले!" प्रत्यक्षात कापले 217.12. बाकीचा फरक निव्वळ वेळेचा आहे.

या दुकानाच्या सेटलमेंटचा दिवस रात्री 8 ला संपतो, दुकान मात्र साडेनऊपर्यंत उघडं असतं. सोमवारी आठनंतर दोन गिऱ्हाइकांनी मिळून 1,150 रुपये दिले. ते मंगळवारच्या गठ्ठ्यात गेले. उलट रविवारी आठनंतर आलेले 600 रुपये सोमवारच्या गठ्ठ्यात आले. म्हणजे मंगळवारी जे जमा झालं ते 18,640 चं नव्हतंच. 18,640 वजा 1,150 अधिक 600, म्हणजे 18,090 चं होतं. तुमच्या कंपनीची वेळ वेगळी असेल. रिपोर्टमधल्या गठ्ठ्याचं पहिलं आणि शेवटचं पेमेंट किती वाजताचं आहे ते बघितलं की ती लगेच कळते.

आता कापलेले 217.12. बँक खात्यातून यूपीआयने दिलेल्या पैशांवर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहाराचा आकार, लागत नाही. जानेवारी 2020 पासून तो शून्य आहे. पण त्याच क्यूआरवर गिऱ्हाईक रुपे क्रेडिट कार्ड जोडूनही पैसे देऊ शकतं, आणि काउंटरवर उभं राहून ते ओळखू येत नाही. स्पीकर दोन्हीला सारखाच बोलतो. लहान दुकानदाराला अशा पेमेंटवर 2,000 रुपयांपर्यंत आकार नाही, त्यापुढे आहे. सोमवारी एकाने पंख्यांचे 4,200 रुपये असे दिले होते. या दुकानाच्या करारात दर 2 टक्के, म्हणून 84 रुपये, आणि त्या 84 वर 18 टक्के जीएसटी 15.12. शिवाय त्या दिवशी स्पीकरचं महिन्याचं भाडं वळतं झालं: 100 रुपये आणि त्यावर 18 जीएसटी. बेरीज करून पाहा, 217.12 येते.

आता मूळ चूक. 17,872.88 ही विक्री म्हणून लिहिली, की बिलांची बेरीज आणि रोजमेळ यांचा मेळ पहिल्याच दिवशी तुटतो. आकार आणि भाडं हा तुमचा खर्च असतो, तो कुठेच दिसत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर त्या आकारावरच्या करापोटी मिळू शकणारं क्रेडिटही सुटतं. शिवाय विक्री कमी दिसते, हे जास्त अडचणीचं. कर खात्याने यूपीआयची आकडेवारी मागवली तर त्यात गिऱ्हाइकाने दिलेली पूर्ण रक्कम असते, बँकेत पडलेली नव्हे. कर्नाटकात 2025 च्या जुलैमध्ये छोट्या दुकानदारांना अशाच आकडेवारीवरून नोटिसा गेल्या होत्या.

यावर आम्ही एक साधं खातं उघडतो: "क्यूआर येणे". रात्री दुकान बंद करताना अ‍ॅपमधली त्या तारखेची पूर्ण रक्कम विक्रीला जमा आणि या खात्याला नावे. बँकेत पैसे पडले की या खात्याला 18,090 जमा, आणि समोर बँकेला 17,872.88, बँक आकार व भाडं 184, जीएसटी क्रेडिट 33.12 नावे. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मिळत नाही, मग पूर्ण 217.12 खर्चातच जातात.

या पद्धतीची गंमत म्हणजे चूक स्वतःच ओरडून सांगते. सोमवारी सकाळी खात्यात रविवारचे 600 येणे होते, त्यात 18,640 मिळाले, 18,090 वजा झाले, उरले 1,150. हेच ते आठनंतरचे पैसे. मंगळवारची विक्री चढवण्याआधी बाकी नेमकी तेवढीच असली, तर हिशेब बरोबर. त्यापेक्षा जास्त राहिली तर एखादं पेमेंट सेटल व्हायचं राहिलंय, किंवा रिफंड दिलेला लिहायचा राहिलाय. रिफंड बहुधा पुढच्या गठ्ठ्यातून वळता होतो. बाकी उणे गेली तर विक्रीच कमी लिहिली गेलीय.

अडकलेलं पेमेंट शोधताना एक गोष्ट लक्षात असू द्या. गिऱ्हाईक मोबाइलवर जो 12 आकडी यूटीआर दाखवतं, तो तुमच्या बँकेच्या पासबुकात सापडणार नाही. तिथे संपूर्ण गठ्ठ्याचा एकच वेगळा नंबर असतो. गिऱ्हाइकाचा नंबर सेटलमेंट रिपोर्टमध्ये शोधायचा, आणि त्याच ओळीत गठ्ठ्याचा नंबर मिळतो. रिपोर्टमध्येही नसेल, तर काउंटरवर मालकाच्या किंवा मुलाच्या वैयक्तिक नंबरचा जुना क्यूआर चिकटवलेला आहे का ते आधी बघा. फार वेळा पैसे तिकडेच गेलेले असतात. तो स्टिकर काढून टाका.

काही ग्राहक आमच्यावर चिडतात, की स्क्रीनशॉट आणि पासबुक दिलं तरी आम्ही सेटलमेंट रिपोर्टच मागतो. स्क्रीनशॉटवर एकूण आकडा असतो. कोणतं पेमेंट कोणत्या गठ्ठ्यात गेलं आणि कशावर किती आकार लागला, हे फक्त रिपोर्टमध्ये असतं. अ‍ॅपच्या सेटलमेंट विभागातून तो एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये उतरवता येतो. तो आणि आकाराचं टॅक्स इन्व्हॉइस, ज्यावर तुमचा जीएसटी नंबर छापलेला हवा, दर महिन्याच्या 3 तारखेपर्यंत आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा. नंबर नसेल तर आधी अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये भरा. त्याशिवाय क्रेडिटचा दावा उभा राहत नाही.

रिपोर्ट मिळाला तर महिन्याची जुळवणी नेहमीच्या मासिक फीमध्येच होते. नुसतं पासबुक आलं तर आम्हाला एकेक पेमेंट हाताने लावावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे पडतात, हे आधीच सांगून ठेवतो. मागच्या वर्षाचा घोळ तसाच असेल तर जून-जुलैत, रिटर्नची गर्दी वाढायच्या आत, वह्या घेऊन या. "क्यूआर येणे" खातं उघडून पहिल्या महिन्याच्या नोंदी आमचा माणूस तुमच्या दुकानात बसून करून देईल, त्याचे पैसे नाहीत. फक्त दुपारच्या वेळी बोलवा, गिऱ्हाइकांच्या गर्दीत हे काम होत नाही.