लाईन आल्यावर नॅस चालू, पण फोल्डर कुठं गेला?

आमच्या आर्वीकडं वादळ आलं की रात्री लाईन जाते अन् पहाटे कधीतरी येते. सेतू केंद्र चालवणाऱ्या भाऊनं सकाळी शटर उघडलं तर नॅसचा, म्हणजे नेटवर्कवरून फाईली ठेवायच्या डिस्कच्या डब्याचा, हिरवा लाईट लागलेला, बाकी फोल्डर दिसतात, पण लोकांचे सातबारे, आधारचे स्कॅन ठेवलेला kagad नावाचा एन्क्रिप्टेड, म्हणजे पासवर्डनं कुलूपबंद केलेला फोल्डर नाही. डिस्क उडाली असंच वाटतं. डिस्क ठणठणीत असते.

सिनॉलॉजीच्या नॅसवर असा फोल्डर eCryptfs या पद्धतीनं चालतो. डिस्कवर फाईली कायम कुलूपबंदच असतात, उघडायची की, म्हणजे किल्ली, फक्त रॅममध्ये राहते, अन् लाईन गेली की रॅम कोरी होते. म्हणून नॅस आपोआप सुरू झाला तरी फोल्डर माउंट होत नाही, म्हणजे उघडून वापरायला मिळत नाही. टर्मिनलवरून बघायचं असलं तर:

```
sudo ls /volume1/@kagad@
```

`ECRYPTFS_FNEK_ENCRYPTED` नं सुरू होणारी लांबलचक नावं दिसली म्हणजे फाईली जागेवरच आहेत, फक्त पासवर्ड टाकून माउंट करायचं बाकी आहे.

आता बरेच जण काय करतात, की-मॅनेजरमध्ये की ठेवून "Mount on boot" वर टिक मारून मोकळे होतात, मग लाईन आली की फोल्डर आपोआप उघडतो आणि कोणाला काही करावं लागत नाही. पण ती की जर नॅसमध्येच असली तर चोरानं अख्खा डबा उचलून नेऊन घरी प्लगमध्ये लावला तरी फोल्डर तसाच उघडणार. मग एन्क्रिप्शनचा उपयोग काय राहिला? त्याला तुमचा लॉगिन पासवर्ड तेवढा फोडायचा राहतो.

माझ्या मते अशा केंद्रासाठी की वेगळ्या पेनड्राईव्हवर ठेवलेली बरी. नॅस सुरू होताना तो पेनड्राईव्ह लावलेला असला तर की वाचली जाते, फोल्डर उघडला की काढून घरी न्यायचा, किल्ली रॅममध्ये असल्यानं दिवसभर काम चालू राहतं. रात्री लाईन जाऊन आली तर फोल्डर सकाळपर्यंत बंद राहील, अन् रात्री कागद लागतातच कोणाले? फक्त रात्रीचा बॅकअप लावला असेल तर तो त्या दिवशी फेल होईल, लॉग बघत जा. अन् पेनड्राईव्ह मागं खोचूनच ठेवला तर वरचीच गोष्ट झाली, चोर तोही नेतो.

आणखी एक, फोल्डर बनवताना जी `.key` फाईल डाऊनलोड होते ती लोक त्याच फोल्डरमध्ये टाकून देतात. पासवर्ड विसरला आणि ही फाईलही आत अडकली तर कंपनीलाही तो डेटा काढता येत नाही. फाईल दुसऱ्या घरी, दुसऱ्या पेनड्राईव्हवर ठेवा, अन् कामाची गर्दी नसेल त्या दुपारी एकदा फोल्डर अनमाउंट करून त्याच `.key` फाईलनं उघडून बघा.