फलकावरची सूचना आणि ब्रॉडकास्टचा निरोप

गणेशोत्सवात सोसायटीच्या फलकावर लागलेली सूचना बरेच जण फोटो काढून तशीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मजकूर एकच असला, तरी दोन्हींचं काम वेगळं आहे. फलकावरची सूचना ही समितीच्या ठरावाची नोंद असते. निरोप मात्र भाजी चिरता चिरता वाचला जातो आणि वाचणाऱ्याला एवढंच हवं असतं की मी काय करायचं आणि कधीपर्यंत.

समजा, फलकावर असं आहे:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, श्रींची विसर्जन मिरवणूक शनिवार, दि. ६ सप्टेंबर २०२५ रोजी दुपारी ठीक ४ वाजता निघेल. तत्पूर्वी ३.३० वा. महाआरती होईल. घरगुती मूर्तींचे विसर्जन आवारातील कृत्रिम हौदात करण्यात येणार असून इच्छुकांनी दि. ४ पर्यंत नावनोंदणी करावी. मार्गावरील वाहने हलविण्यात यावीत."

सूचना म्हणून यात चूक काही नाही. पण नाव कुठे नोंदवायचं? गाड्या किती वाजेपर्यंत हलवायच्या? "करण्यात येणार", "हलविण्यात यावीत" या क्रियापदांच्या आड हे प्रश्न लपून राहतात. साधं "हलवा" लिहायला घेतलं की लगेच "कधी?" असं विचारावं लागतं. ते उत्तर मनानं घालायचं नाही, सचिवांना फोन करून घ्यायचं. ते मिळालं की निरोप असा होतो:

"नमस्कार! *शनिवारी, ६ सप्टेंबरला बाप्पांचं विसर्जन आहे.* साडेतीनला मंडपात महाआरती, चारला मिरवणूक.

*घरचा गणपती आवारातल्या हौदात विसर्जन करणार असाल, तर गुरुवारी, ४ तारखेला रात्री ९ पर्यंत* इथेच उत्तर देऊन नाव आणि फ्लॅट नंबर कळवा.

गेट ते मंडप या रस्त्यावरच्या गाड्या शनिवारी दुपारी २ च्या आत मागच्या पार्किंगमध्ये लावा, म्हणजे मिरवणूक अडणार नाही.

सगळे या!"

नोंदणीची मुदत दोन दिवस आधी संपते, म्हणून तिला वेगळा परिच्छेद आणि ठळक अक्षरं दिली. ठळक करायला शब्दांच्या दोन्ही बाजूंना * लावायचं. सगळंच ठळक केलं तर काहीच उठून दिसत नाही. "उद्या", "परवा" टाळायचं, कारण निरोप दुसऱ्या दिवशीही वाचला जातो आणि पुढे पाठवलाही जातो. गाड्या हलवायचं कारण मला मोलाचं वाटतं. चार शब्दांतच हुकमाची विनंती होते.

"इथेच उत्तर द्या" हे ब्रॉडकास्टवर चालतं, कारण उत्तर फक्त पाठवणाऱ्याला दिसतं. ग्रुपवर तीच ओळ टाकली तर नावांच्या रांगेत मूळ निरोप वर निघून जातो. पण ब्रॉडकास्ट ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो. नवीन भाडेकरूंकडे तो बहुधा नसतो, त्यांना निरोप वेगळा पाठवावा लागतो. आणि फलकावरचा कागद काढायचा नाही.